पाऊस सरल्यावर छत्रीच्या दुकानात काय विकायचे?

जूनच्या पहिल्या सरीला छत्रीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबर उजाडला की त्याच गल्ल्यावर मालक पेपर वाचत बसलेला दिसतो. भाडे, विजेचे बिल आणि कामगाराचा पगार मात्र बाराही महिने द्यावाच लागतो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे छत्रीच्या जोडीला रेनकोट आणि गमबूट ठेवणे. त्याने जूनची विक्री वाढते, पण पाऊस थांबला की तिन्हींची मागणी एकदमच थांबते. जोडीची वस्तू अशी हवी, की ती पावसाळ्यात छत्रीच्या गिऱ्हाइकाला लागेल आणि नंतर स्वतःचे गिऱ्हाईक आणेल. आपल्याकडे अनेक ठिकाणी छत्र्या आणि बॅगा एकाच दुकानात मिळतात, ते यामुळेच. जूनमध्ये शाळा उघडताना छत्रीसोबत दप्तर जाते. गणपतीला कोकणात निघालेल्यांना प्रवासी बॅग लागते. पुढे दिवाळीची सुटी, लग्नसराई आणि मे महिना आहेच.

समजा, दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च २२ हजार रुपये आहे आणि एका छत्रीमागे १०० रुपये सुटतात. खर्च निघायला २२० छत्र्या खपाव्या लागतील. नोव्हेंबरमध्ये ते अशक्यच. पण एका प्रवासी बॅगेमागे ३५० रुपये सुटत असतील, तर ४० बॅगांत १४ हजार निघतात. उरलेले आठ हजार पर्स आणि बॅगांच्या चेन दुरुस्तीतून काढावे लागतात. म्हणून छत्रीच्या काड्या बसवणाऱ्या कारागिराला चेन बसवणेही यायला हवे.

खरी अडचण पैशाची असते. दिवाळीच्या बॅगा सप्टेंबरातच भराव्या लागतात आणि तेव्हा भांडवल न खपलेल्या छत्र्यांत अडकलेले असते. शिवाय दमट जागी ठेवलेल्या छत्र्यांच्या काड्या गंजतात, पुढच्या वर्षी त्या पूर्ण भावाने जात नाहीत. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यानंतर नव्या छत्र्यांची ऑर्डर थांबवलेली बरी. उन्हाळ्यासाठी थोड्या शिल्लक असल्या की पुरे.

सवलत कधी द्यायची, इथेही चूक होते. जूनमध्ये दप्तर घ्यायला पालक येणारच असतात. तेव्हा छत्री-दप्तराच्या जोडीवर दिलेली सूट बहुतेक वाया जाते. त्याऐवजी छत्रीच्या बिलासोबत प्रवासी बॅगेवर १०० रुपये सवलतीचे कूपन द्यावे, पण ते ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालेल असे छापावे. एका बॅगेमागे मग ३५०ऐवजी २५० रुपये सुटतील, हे धरूनच हिशेब मांडावा.

परत आलेली कूपने महिन्यावार बाजूला ठेवावीत. कूपने भरपूर आली, पण बॅगांची एकूण विक्री गेल्या वर्षीइतकीच राहिली, तर सूट बहुधा नेहमीच्याच गिऱ्हाइकांना गेली, असे समजावे.