आधी ‘झेल्या’, मग ‘बनगरवाडी’

परदेशात वाढलेल्या मुलांसाठी मराठी पुस्तके घ्यायला गेलेले आजी-आजोबा बहुधा दोन टोकांची पुस्तके घेऊन परततात. एक तर मोठाल्या चित्रांच्या बालगोष्टी, नाही तर थेट ‘मृत्युंजय’. पहिल्या पंधरा वर्षांच्या मुलीला पोरकट वाटतात आणि दुसरे पुस्तक तिला पेलत नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या भाचीसाठी आम्ही यादी करायला बसलो तेव्हा पहिला निर्णय हा घेतला, की पुस्तक मोठ्यांचेच असेल, पण त्याची भाषा तिच्या कानांना ओळखीची असेल.

भाची घरात मराठी बोलते. मराठी शाळेत अक्षरओळख झालेली आहे, पण वाचन अक्षर जुळवत, मिनिटाला तीसेक शब्द या गतीने चालते. कादंबरीच्या एका पानावर साधारण अडीचशे शब्द धरले तर पानाला आठ-नऊ मिनिटे लागतात. रोज अर्धा तास वाचले तर व्यंकटेश माडगूळकरांची सव्वाशे-दीडशे पानांची ‘बनगरवाडी’ दीड महिन्यात होते. शिवाजी सावंतांच्या सातशेहून अधिक पानांच्या ‘मृत्युंजय’ला त्याच हिशेबाने सात महिने लागतील, आणि ती संस्कृतप्रचुर भाषा पाहता प्रत्यक्षात त्याहून जास्त. एवढा काळ कथेचा धागा मनात धरून ठेवणे कुणालाही अवघड आहे.

यादी करण्याआधी एक चाचणी करावी. पुस्तकातले एक पान मुलाला स्वतः वाचू द्यावे आणि काय कळले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. मग तेच पान आपण मोठ्याने वाचून दाखवावे आणि पुन्हा विचारावे. ऐकल्यावर सगळे कळले तर अडचण लिपीची आहे. ऐकूनही कळले नाही तर अडचण शब्दांची किंवा त्या जगाच्या अपरिचयाची आहे. भाचीची अडचण बहुतांशी पहिल्या प्रकारची निघाली. ‘विहिरीपाशी’, ‘घोड्यावरून’ असे शब्द ती बोलताना सहज वापरते, पण छापलेले दिसले की अडते. शब्दकोश उघडला तर तिथे ‘विहीर’ आणि ‘घोडा’ असतात, म्हणून शोधूनही हाती काही लागत नाही. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांत तिचा गोंधळ होतो. अशा वाचकाला सोप्या गोष्टी देऊन उपयोग नाही. बोलल्यासारखी वाक्ये आणि एका बैठकीत संपणारे तुकडे त्याला हवेत.

म्हणून आमच्या यादीत पहिले पुस्तक आले ते माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (1949). प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र आहे. ‘झेल्या’ हे शाळेतल्या एका पोराचे चित्र काही पानांत संपते, म्हणजे तिच्या गतीने दोन-तीन दिवसांत एक गोष्ट पुरी होते. त्यानंतर ‘धर्मा रामोशी’. माडगूळकरांची निवेदनातली वाक्ये लहान असतात, क्रियापद फार लांब जात नाही, विशेषणे मोजकी. संवाद मात्र माणदेशी बोलीत आहेत. ‘न्हाई’, ‘कवा’ असे शब्द मुलांना कागदावर परके वाटतात, मोठ्याने वाचले की लगेच उलगडतात. तेव्हा निवेदन तिने मनात वाचायचे आणि संवाद आवाजात, असे ठरवले.

मग ‘बनगरवाडी’ (1955). परदेशातल्या मुलासाठी मला ही सर्वांत योग्य कादंबरी वाटते आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. निवेदक हा धनगरांच्या वाडीवर नव्याने आलेला तरुण शाळामास्तर आहे. वाडी त्यालाही अनोळखी आहे. कारभारी कोण, आनंदा रामोशी कसा जगतो, माणसे कशाला भितात, हे सगळे मास्तराला कळते तसे वाचकाला कळत जाते. गावाची माहिती आधीपासून असायला हवी, अशी अट कादंबरी घालत नाही. कित्येक अभिजात पुस्तके इथेच परदेशी वाढलेल्या वाचकाला बाहेर ठेवतात, कारण लेखकाने वाचक आपल्याच आळीतला गृहीत धरलेला असतो.

पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ (1962) याच कारणाने दिसते त्यापेक्षा अवघड आहे. ‘अंतू बर्वा’तला विनोद रत्नागिरीच्या बोलण्यात आणि त्या काळच्या संदर्भांत आहे. सुरुवात ‘नारायण’पासून करावी. मराठी लग्नघरातली धावपळ या मुलांनी निदान सुट्टीत पाहिलेली असते. पुलंच्या स्वतःच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे मिळतात. ती आधी ऐकावीत, मग पुस्तक हाती घ्यावे. पुढचे वाक्य कानात असले की डोळ्यांची गती आपोआप वाढते.

‘श्यामची आई’ आम्ही वगळली नाही, पण पहिल्या क्रमांकावरून काढली. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेले आहे, म्हणून निवडून वाचता येते. ‘श्यामचे पोहणे’ किंवा ‘मुकी फुले’ आधी घ्यावे. व्रते, सोवळे आणि कोकणातल्या घरातले रीतिरिवाज ज्यात दाट आहेत, त्या रात्री नंतरसाठी ठेवाव्यात. सोवळे म्हणजे काय हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त जास्त चांगले कळते. तिथे वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकिगत त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात की वेगळी टीप लागत नाही. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, आणि त्यांचे गद्य शेवटपर्यंत बोलत्या माणसाचे राहिले. पुस्तक मोठे आहे. सुरुवातीची प्रकरणे पुरेत.

आवृत्तीकडे मात्र नीट पाहावे लागते. जुनी पुस्तके इंटरनेटवर फुकट मिळतात, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. पण ही स्कॅन केलेली पाने पुष्कळदा 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची असतात. त्यांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरीं’ असे अनुस्वार जागोजाग असतात. सरावलेल्या वाचकाच्या ते ध्यानातही येत नाही. अक्षर जुळवत वाचणारी मुलगी मात्र प्रत्येक टिंबाचा उच्चार करू पाहते आणि ओळखीचा शब्दही तिला अनोळखी होतो. नव्या छपाईचे पुस्तक विकत घ्यावे, अक्षर मोठे आणि ओळींत अंतर असलेले.

यादी चुकली हे लवकर ओळखता येते. पानामागे सात-आठ शब्द विचारावे लागले, किंवा काल कुठे थांबलो ते आज सांगता येईना, तर पुस्तक बाजूला ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढावे. वेग मंद आहे पण गोष्ट सांगता येते, तर काहीही बदलू नये. मंद वेग हा दोष नाही. कित्येक पालक मुलाच्या हातून पुस्तक घेऊन स्वतः वाचू लागतात, आणि मग डोळ्यांचा सराव तिथेच थांबतो. पहिले पान आपण वाचावे, पुढची दोन त्याने, एवढीच मदत पुरते.

शेवटच्या टप्प्यावर आम्ही दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) ठेवले आहे, भाची सतरा वर्षांची होईल तेव्हासाठी. त्याची भाषा थेट आहे, अडचण तिची नाही. त्यातली गरिबी, जातीचा अपमान, मुंबईच्या कावाखान्यातले जगणे यांवर वाचताना बोलायला कुणीतरी सोबत हवे. माझ्या बहिणीने ते पुस्तक पूर्वी वाचलेले नव्हते. भाचीच्या हाती देण्याआधी आता ती स्वतः ते वाचते आहे.