एप्रिलमध्ये पगाराच्या पोर्टलवर काय भरायचं? दुकानाचं भांडवल जमवणाऱ्यांसाठी

आपल्या ईट, भूम, वाशी भागातली कितीतरी मुलं पुण्यात, चाकणला, रांजणगावला नोकरी करतात आणि डोक्यात गावाकडच्या दुकानाचं गणित चालू असतं. कुणाला खव्या-पेढ्याचं दुकान टाकायचंय, कुणाला कृषी सेवा केंद्र. भांडवल पगारातूनच जमवायचं असतं. म्हणून आजचा विषय नोकरीचा वाटला तरी खरं तर भांडवलाचा आहे.

एप्रिल लागला की कंपनीच्या एचआरचा मेल येतो, अमुक तारखेच्या आत इन्व्हेस्टमेंट डिक्लरेशन भरा. पोर्टल ग्रेटएचआर असो, केका असो, झोहो पेरोल असो, की कंपनीचं स्वतःचं काही असो, प्रश्न तेच विचारतं. आणि आपण काय करतो? शेजारच्या टेबलावरच्या दादाने जे भरलं तेच भरतो. त्या दादाला घराचा हप्ता आहे, दोन पॉलिसी आहेत आणि त्याला दुकान टाकायचं नाही. त्याचं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

आधी हे डिक्लरेशन म्हणजे काय ते समजून घ्या. तुमच्या पगारावर वर्षभरात किती कर बसेल, याचा अंदाज कंपनीला एप्रिलमध्येच काढावा लागतो. त्या कराचे बारा भाग करून दर महिन्याला एक भाग पगारातून कापून ती सरकारकडे भरते. यालाच टीडीएस म्हणतात. अंदाज बांधायला कंपनीला तुमच्याकडून माहिती लागते आणि डिक्लरेशन म्हणजे तीच माहिती. यात तुम्ही फक्त सांगता की वर्षभरात मी अमुक रक्कम गुंतवणार आहे. पुरावा नंतर द्यायचा असतो, बहुतेक कंपन्यांत जानेवारीच्या आसपास.

गुंतवणुकीचे रकाने यायच्या आधी पोर्टल एक प्रश्न विचारतं, `Old Regime` की `New Regime`? जुनी करप्रणाली की नवी? बाकी सगळं या एका बटणावर अवलंबून आहे, आणि नेमकं तेच लोक न वाचता दाबतात. काहीच निवडलं नाही तर कंपनीने नवी प्रणाली धरून कर कापायचा, असं प्राप्तिकर विभागाने ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात सांगितलेलं आहे.

आता एक हिशोब करू. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नियमांचे आहेत. समजा, ईटचा एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. महिन्याला एकूण पगार ८०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०,०००. पीएफचे महिन्याला १,८०० कापले जातात, वर्षाचे २१,६००. त्याने दादाचं ऐकून जुनी प्रणाली निवडली आणि ८०सी खाली पूर्ण दीड लाख लिहिले. पीएफचे २१,६०० त्यात धरले जातात, पण उरलेले १,२८,४०० त्याला पॉलिसी, टॅक्स सेव्हिंग म्युच्युअल फंड किंवा पाच वर्षांच्या मुदत ठेवीत घालावे लागतील.

जुन्या प्रणालीत ९,६०,००० मधून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाते, व्यवसाय कराचे २,५०० जातात, ८०सी चे १,५०,००० जातात. उरले ७,५७,५००. पहिल्या अडीच लाखांवर कर नाही. पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५०० आणि पाच लाखांच्या वरच्या २,५७,५०० वर २० टक्क्यांनी ५१,५००. एकूण ६४,०००, त्यावर ४ टक्के सेस धरून ६६,५६०. महिन्याला जवळपास साडेपाच हजार रुपये.

हाच मुलगा नव्या प्रणालीत गेला तर ९,६०,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते, उरतात ८,८५,०००. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण करात सूट मिळते. म्हणजे कर शून्य. एक रुपयाची पॉलिसी न घेता शून्य.

आता भांडवलाच्या नजरेने बघा. जुन्या प्रणालीत त्याचे ६६,५६० करात गेले आणि १,२८,४०० अडकले. टॅक्स सेव्हिंग फंडातला पैसा तीन वर्षं हलत नाही, मुदत ठेवीतला पाच वर्षं, आणि पॉलिसी दुसऱ्या वर्षीच मोडली तर काय हातात येतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. दोन्ही मिळून १,९४,९६० रुपये. डीप फ्रीझर, काउंटर आणि गाळ्याचं डिपॉझिट यातून उभं राहू शकलं असतं. विमा घ्यायलाच हवा, पण तो घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी घ्या. पोर्टलवरचा रकाना रिकामा दिसतो म्हणून घेऊ नका.

मग जुनी प्रणाली कुणाच्या फायद्याची? वर्षाला १४ लाख पगार असलेल्याचं उदाहरण घ्या. नव्या प्रणालीत त्याला सेससह ८१,९०० कर बसतो. जुनी त्याला परवडायला प्रमाणित वजावट सोडून सव्वापाच लाखांच्या आसपास वजावटी लागतात. घरकर्जाचं दोन लाख व्याज, ८०सी चे दीड लाख आणि वर घरभाड्याची मोठी सूट असं सगळं एकत्र असेल तरच ते जमतं. दुकानासाठी पैसा मोकळा ठेवू पाहणाऱ्याकडे एवढं सहसा नसतं.

घरभाड्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. राहायचं पुण्यात रूमवर आणि भाडेपावती बनवायची गावाकडच्या वडिलांच्या नावाने, ही युक्ती बरेच जण एकमेकांना सांगतात. ज्या घरात तुम्ही राहतच नाही, त्याच्या भाड्यावर सूट मिळत नाही. वडिलांच्या घरात खरोखर राहून खरोखर भाडं देत असाल तर गोष्ट वेगळी. नव्या प्रणालीत तर घरभाड्याची सूटच नाही, त्यामुळे तिथे पावतीचा काहीच उपयोग नाही.

ज्यांची जुनी प्रणाली खरंच फायद्याची आहे, त्यांनी एप्रिलमध्ये जे लिहिता तेवढंच पुढे करायची तयारी ठेवा. होतं असं की एप्रिलमध्ये दीड लाख लिहिले जातात, टीडीएस कमी कापला जातो, हातात पगार बरा येतो. मधल्या काळात तो पैसा दुकानाच्या गाळ्याकडे वळतो. जानेवारीत पुरावा मागितला की दाखवायला काही नसतं. मग कंपनी वर्षभराचा राहिलेला कर जानेवारी ते मार्चच्या पगारातून वसूल करते. बारा महिन्यांचा कर दोन-तीन महिन्यांत. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर दीड लाखांची गुंतवणूक न दाखवल्याने सेससह ३१,२०० रुपये वाढतात. ते नेमके तेव्हा कापले जातात, जेव्हा गुढीपाडव्याला उद्घाटन धरलेलं असतं.

एप्रिलमध्ये चुकीचं बटण दाबलं गेलं तर? कंपनीला सांगितलेली निवड ही फक्त टीडीएस कापण्यासाठी असते. फक्त पगारदार असलेला माणूस रिटर्न मुदतीत भरताना प्रणाली बदलू शकतो. वरच्या मुलाने रिटर्नमध्ये नवी प्रणाली घेतली तर त्याचे ६६,५६० परत येतील. पण ते पुढच्या आर्थिक वर्षात, रिटर्न भरून झाल्यावर. तोवर तो पैसा तुमच्या उपयोगाचा नाही. बऱ्याच कंपन्या वर्षाच्या मधे प्रणाली बदलू देत नाहीत, म्हणून एप्रिलमध्येच नीट बघा.

ज्या वर्षी दुकान सुरू होतं, त्या वर्षापासून हा बदल एवढा सोपा राहत नाही. दिवाळीला नोकरी सोडून दुकान उघडलं तर त्याच वर्षात तुमचं धंद्याचं उत्पन्न सुरू झालं. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असेल तर २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी रिटर्नच्या मुदतीच्या आत `Form 10-IEA` भरावा लागतो. एकदा जुनी घेऊन पुन्हा नवीत आलात, की धंदा चालू असेपर्यंत परत जुनीत जाता येत नाही. म्हणून या वर्षात दुकान उघडायचं ठरलं असेल तर एप्रिलमध्ये जुनी निवडण्याआधी दोनदा हिशोब करा. शिवाय राजीनामा दिला की कंपनी पुरावे तेव्हाच मागते, जानेवारीची वाट बघत नाही.

आणि जे नोकरी सांभाळून दुकान चालवणार आहेत त्यांच्यासाठी. कंपनीला फक्त तुमचा पगार दिसतो. समजा पगार वर्षाला १२ लाख आहे. प्रमाणित वजावट जाऊन ११,२५,००० उरले, कंपनीच्या हिशोबात कर शून्य, टीडीएस शून्य. पण गावाकडच्या दुकानात वर्षभरात २५ लाखांची रोख विक्री झाली. ४४एडी या सोप्या पद्धतीने रोख विक्रीच्या किमान ८ टक्के नफा धरावा लागतो, म्हणजे २ लाख. एकूण झाले १३,२५,०००. बारा लाखांची मर्यादा ओलांडली आणि कर लागला ८१,९००. कंपनीने तर काहीच कापलेलं नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पोर्टलवर `Other Income` असा रकाना असतो, त्यात दुकानाचा अंदाजे नफा लिहिला की कंपनी त्याचाही कर पगारातून कापते. किंवा कंपनीला न सांगता १५ मार्चपर्यंत आगाऊ कर स्वतः प्राप्तिकराच्या वेबसाइटवर भरायचा. नाही भरला तर व्याज लागतं. मला स्वतःला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण दुकानाचा नफा एप्रिलमध्ये कुणाला माहीत असतो? पण नोकरीच्या करारात दुसरा धंदा करायला मनाई आहे का, ते आधी वाचून घ्या. आणि दुकानात तोटा झाला तर तो पोर्टलवर दाखवून पगाराचा कर कमी करता येत नाही. धंद्याचा तोटा पगारातून वजा होतच नाही.

पोर्टलवर सगळं भरून झालं की `Save` वर थांबू नका, `Submit` झालंय का ते बघा. काही पोर्टलवर मसुदा तसाच पडून राहतो आणि मुदत संपते. मग एप्रिलची पगार स्लिप आली की तिच्यासोबतचा कराचा हिशोब उघडा. प्रमाणित वजावट ७५,००० दिसत असेल तर तुम्ही नव्या प्रणालीत आहात, ५०,००० दिसत असेल तर जुन्या. आकडा तुमच्या ठरवण्याशी जुळत नसेल तर त्याच दिवशी एचआरला मेल टाका. तोंडी सांगू नका, मेलच टाका.