नुसतंच फॉरवर्ड

सोसायटीच्या खजिनदारांकडून कमिटीतल्या एका सदस्याला मेल येतो. विषय ‘Fwd: लिफ्ट दुरुस्ती’. आत खजिनदारांचा एकही शब्द नाही. थेट ‘Forwarded message’ ही रेघ, त्याखाली From, Date, Subject, To या ओळी आणि मग इतरांचा पत्रव्यवहार. मंजुरी हवी आहे, की फक्त कानावर घालायचं आहे?

हे एक नमुन्याचं उदाहरण. असा मेल खालून वर वाचावा, कारण सर्वांत जुनं पत्र तळाशी असतं. तळाशी ३ मार्चला कंत्राटदाराने ‘कोटेशन जोडलं आहे, ८०,००० रुपये’ असं कळवलेलं. ५ तारखेला सेक्रेटरींनी विचारलं, जीएसटी धरून का? ९ तारखेचं उत्तर: नाही, १८ टक्के वेगळा. म्हणजे खरा आकडा ९४,४०० रुपये. वरचेवर चाळणारा ८०,००० वरच थांबला असता.

पण कोटेशन कुठे आहे? मेलला उत्तर देताना जोडलेली फाइल सहसा मागेच राहते. खजिनदारांनी ९ तारखेचं उत्तर फॉरवर्ड केलं, म्हणून ३ तारखेची फाइल आलीच नाही. शिवाय अशा मेलमध्ये पत्रव्यवहाराची एकच फांदी दिसते. सेक्रेटरींच्या प्रश्नाला दुसऱ्या कुणी वेगळं उत्तर दिलं असेल, किंवा ९ तारखेनंतर फोनवर भाव ठरला असेल, तर त्याचा इथे मागमूसही नसतो.

म्हणून ‘याचं काय करायचं?’ एवढंच विचारून भागत नाही. त्याने खजिनदारांना सरळ लिहावं: ‘९४,४०० रुपयांच्या खर्चाला माझी मंजुरी हवी आहे, की हे माहितीसाठी आहे? मंजुरी हवी असल्यास कधीपर्यंत? ९ मार्चनंतर काही बोलणं झालं का? मूळ कोटेशन पाठवाल का? आणि कंत्राटदाराला कोण कळवणार?’ शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. फॉरवर्ड आलेल्या मेलवर ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर पाठवणाऱ्याकडे जातं, कंत्राटदाराकडे नाही. प्रत्येकाला वाटत राहतं की दुसऱ्याने कळवलं असेल.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मजकुरातल्या त्या From आणि Date च्या ओळी म्हणजे साधा टाइप केलेला मजकूर. पाठवण्यापूर्वी त्या कुणीही बदलू शकतो. जीमेलमधलं ‘Show original’ उघडलं, तरी दिसतो तो खजिनदारांकडून आलेल्या मेलचा प्रवास. कंत्राटदाराच्या मूळ पत्राचा नव्हे. तो तपासायचा, तर मूळ मेल ‘Forward as attachment’ करून मागवावा. तसं केल्यावर तो .eml फाइल म्हणून येतो, त्याच्या सगळ्या तांत्रिक नोंदींसकट.

याचाच फायदा ठग घेतात. वरिष्ठ आणि पुरवठादार यांच्यातला बनावट पत्रव्यवहार रचून तो हिशेब खात्याकडे फॉरवर्ड केला जातो आणि त्यात नवा बँक खाते क्रमांक असतो. असा बदल दिसला, की मेलमधल्या नंबरवर नव्हे, तर जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून पुरवठादारालाच विचारावं; तोवर पैसे पाठवू नयेत.