तीन की आठ?

जुन्या छापील तक्त्यांतले आकडे संगणकात उतरवून घ्यायला बसलं की एक प्रसंग हमखास येतो. एकाच पुस्तकाचे दोन स्कॅन हाती लागतात, बहुधा दोन वेगळ्या ग्रंथालयांतून आलेले. एक पिवळट, डागाळलेला, पान किंचित तिरकं. दुसरा पांढराशुभ्र, अक्षर न् अक्षर ठसठशीत. दोन्ही शेजारी उघडून बघत जावं, तर एका घरात इकडे ६३८ आणि तिकडे ६८८. मन लगेच शुभ्र प्रतीकडे झुकतं. तिथेच जरा थांबावं.

२०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या हाती एका इमारतीच्या नकाशाच्या प्रती आल्या. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या यंत्रावर स्कॅन केल्यावर वेगवेगळ्या आकारांच्या त्या तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं. दुसऱ्या एका खर्चाच्या तक्त्यात ६५ चे ८५ झाले होते. अक्षरओळख तर बंदच होती, यंत्र नुसतं चित्र काढत होतं. तरी आकडे बदलले, कारण फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र JBIG2 नावाची पद्धत वापरत होतं. ती पानाचे बारीक तुकडे करते, एकमेकांसारखे दिसणारे तुकडे एकच आहेत असं मानते, त्यातला एक ठेवते आणि बाकीच्या ठिकाणी त्याचाच शिक्का उमटवते. जुन्या छापखान्यात जुळारी चुकीचा खिळा उचलायचा, तसंच हे. फरक इतकाच की जुळाऱ्याची चूक निदान सगळ्या प्रतींत सारखी उतरायची.

अशी चूक डोळ्यांना खुपत नाही. आठ पुसटसा नसतो, तो चांगला कोरीव आठ असतो. म्हणून स्वच्छ प्रत खरी मानण्याआधी ती कशी दाबली आहे ते बघावं. पीडीएफच्या पोटातली चित्रं तपासायला `pdfimages` नावाचं मोफत साधन आहे:

```
pdfimages -list takta.pdf
```

त्याच्या उत्तरात `enc` या रकान्यात `jbig2` दिसलं तर सावध व्हावं. निकाल मात्र तिथेच देऊ नये, कारण हीच पद्धत काहीही न गमावताही वापरता येते. मग पान खूप मोठं करून त्यावरचे पाच-सहा आठ शेजारी ठेवून बघावेत. खिळ्यांच्या छपाईत कुठे शाई फुटलेली असते, कुठे कड तुटलेली असते. सगळे आठ ठिपक्यान् ठिपका एकसारखे निघाले, तर शिक्के मारलेले आहेत. उलटही सांगायला हवं. फाइल नंतर कुणी दुसऱ्या प्रकारात जतन केली असेल, तर `enc` मध्ये `jpeg` दिसेल आणि आधीचा इतिहास पुसला गेलेला असेल.

एवढं केल्यावर कोणत्या प्रतीवर संशय घ्यायचा ते कळतं, आकडा कोणता ते कळत नाही. त्यासाठी बेरीज. सोयीसाठी तीनच गावांचा तक्ता घेऊ, आकडे माझे आहेत:

| गाव | पुरुष | स्त्रिया | एकूण |
|---|---|---|---|
| पहिलं | ४१३ | ३९८ | ८११ |
| दुसरं | २७६ | २८१ | ५५७ |
| तिसरं | ६३८ / ६८८ | ६०५ | १२४३ |
| एकूण | १३२७ | १२८४ | २६११ |

वाद फक्त तिसऱ्या गावच्या पुरुषांचा, बाकी घरं दोन्ही प्रतींत सारखी. आडवी बेरीज करा: १२४३ मधून ६०५ गेले, उरले ६३८. उभी करा: १३२७ मधून ४१३ आणि २७६ गेले, उरले ६३८. दोन स्वतंत्र वाटा एकाच आकड्यावर आल्या, म्हणजे ६८८ ही वाचनातली किंवा यंत्रातली चूक. फरक ५० आहे, तोही बोलका आहे. दशमस्थानी तीनच्या जागी आठ बसला की बरोबर ५० चा फरक पडतो, आणि इंग्रजी तीनची डावी बाजू शाईने भरली की त्याचा आठ होतो. देवनागरी तक्त्यात मात्र ही जोडी नसते. तिथे १ आणि ९, ४ आणि ५ यांच्यावर डोळा ठेवावा लागतो.

एका प्रतीत ६३८ आणि दुसरीत ६८३ असेल तर? फरक ४५, नऊने नि:शेष भागला जातो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की असंच होतं. स्कॅनर अंकांच्या जागा बदलत नाही, ते काम माणसाच्या हाताचं. तेव्हा ती प्रत खरंच मूळ पानाची आहे, की कुणी पुन्हा टाइप केलेल्या पानाची, हे आधी बघावं. शाळेत शिकवलेला नऊचा ताळा इथे उपयोगी नाही, कारण दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज १७ च येते.

खरी फसगत पुढच्या प्रकारात होते. समजा दुसऱ्या प्रतीत ६८८ आहे, आणि त्या ओळीचं एकूण १२९३, पुरुषांचं एकूण १३७७, शेवटचं २६६१ असंही छापलंय. म्हणजे दोन्ही प्रती आपापल्या जागी जुळतात. यंत्राला बेरीज येत नाही, चूक करून तो फरक चार घरांत नीट वाटून देणं त्याला जमणार नाही. ही माणसानं केलेली दुरुस्ती आहे आणि हाती आहेत ते एका तक्त्याचे दोन स्कॅन नव्हेत, दोन आवृत्त्या आहेत.

२०११ च्या जनगणनेत हे उघड दिसतं. भारताची लोकसंख्या एका तक्त्यात १,२१,०५,६९,५७३ आणि दुसऱ्यात १,२१,०८,५४,९७७ आहे. फरक २,८५,४०४. राज्यांच्या ओळी खाली वाचत गेलं की मणिपूरपाशी एकीकडे २५,७०,३९० आणि दुसरीकडे २८,५५,७९४ सापडतात. तिथला फरकही नेमका २,८५,४०४. पहिल्या तक्त्यात सेनापती जिल्ह्यातले माओ-माराम, पाओमाटा आणि पुरुल हे तीन उपविभाग धरलेले नाहीत, दुसऱ्यात धरले आहेत. इथे कोणता आकडा बरोबर असं विचारणंच चुकीचं. कोणता हवा आहे, ते ठरवायचं. एका तक्त्यातली भारताची ओळ आणि दुसऱ्यातली मणिपूरची ओळ उचलली, तर मात्र नवीनच चूक जन्माला येते. म्हणून बेरजेला बसण्याआधी मुखपृष्ठावरचं साल, पानाखालची बारीक टीप आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेलं शुद्धिपत्रक वाचून घ्यावं. स्कॅन करणाऱ्याने पुष्कळदा शुद्धिपत्रकाचं पानच गाळलेलं असतं.

कधी दोन्ही प्रती सारख्या असतात आणि तरी बेरीज जमत नाही. तेव्हा चूक छापखान्याची किंवा त्याच्याही आधीच्या कारकुनाची. असा आकडा मी छापलाय तसाच ठेवतो आणि बेरजेतून निघणारा शेजारच्या रकान्यात लिहितो. मूळ घरात गुपचूप दुरुस्ती केली, की पुढच्या माणसाला पुस्तकात काय होतं ते कळायची वाट बंद होते. दोन वाचनांची सरासरी काढणारेही मी पाहिलेत. ६३८ आणि ६८८ यांचे ६६३ लिहून ठेवतात, जो आकडा कुठल्याच पानावर नाही.

उरतात ते बेरीज नसलेले रकाने, उदाहरणार्थ विहिरींची खोली किंवा धान्याचे भाव. तिथे ताळा घ्यायला काहीच नसतं. मागच्या-पुढच्या सालांवरून अंदाज बांधता येतो, पण दुष्काळाच्या साली भाव खरोखरच दुप्पट झालेला असू शकतो. अशा घरांत मी दोन्ही वाचनं लिहितो, कोणत्या प्रतीतलं कोणतं ते नोंदवतो, आणि पुढे लाल खूण करतो. मग ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागवायचं आणि भिंग घेऊन बसायचं. गेल्या खेपेला अशा सात खुणा होत्या. पाच सुटल्या. उरलेल्या दोन घरांत वाळवीनं कागदच खाल्लेला होता.