सगळ्यात नकोसा सहकारी आणि बॉसची परीक्षा

आजवर ज्यांच्यासोबत काम केलं ती सगळी माणसं डोळ्यांपुढे आणा आणि त्यातला एकच निवडा, ज्याच्याबरोबर काम तडीला नेणं सगळ्यात जड गेलं. तो तुम्हाला आवडत नसेलच असं नाही. एरवी तो भला माणूसही असेल. आता त्याला गुण द्या. आनंदी की उदास, मोकळा की आतल्या गाठीचा, प्रेमळ की रुक्ष, भांडकुदळ की जुळवून घेणारा, अशा अठरा जोड्या असतात. प्रत्येक जोडीत वाईट टोकाला १ आणि चांगल्या टोकाला ८. बेरीज १८ ते १४४ च्या मध्ये कुठे तरी येते.

नेतृत्वाची जगातली बहुधा सगळ्यात चमत्कारिक चाचणी ती हीच. तिचं नाव ‘लीस्ट प्रेफर्ड को-वर्कर’, थोडक्यात एलपीसी. गंमत अशी, की गुण त्या सहकाऱ्याला दिले जातात आणि निदान तुमचं होतं. दर जोडीला सरासरी तीन गुण दिले तर बेरीज ५४ होते. म्हणजे ज्याने काम बिघडवलं, तो तुमच्या लेखी माणूस म्हणूनही वाया गेलेला. तुम्ही ‘कामाचे’ नेते. सरासरी पाच दिले तर ९०. काम बिघडलं तरी माणूस वाईट नव्हता असं तुम्ही म्हणू शकता. तुम्ही ‘नात्याचे’ नेते. पुढच्या काळातल्या एका आवृत्तीत ६४ पर्यंत कमी, ७३ पासून जास्त, अशी सीमा आखलेली आहे.

ही चाचणी बसवली फ्रेड फीडलर यांनी. जन्म १९२२ चा, व्हिएन्नातला. १९३८ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढे इलिनॉय विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधक झाले. १९५० च्या दशकात त्यांनी हायस्कूलच्या बास्केटबॉल संघांचा अभ्यास केला, तेव्हा एलपीसीची थोरली बहीण असलेली एक चाचणी ते वापरत होते. ज्या संघातला प्रमुख खेळाडू इतरांशी मनाने जवळ, तो संघ जास्त सामने जिंकेल अशी त्यांची अटकळ होती. झालं उलटं. जिंकणाऱ्या संघांतले प्रमुख खेळाडू अंतर राखणारे निघाले, आणि जमीन मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकड्यांतही तेच दिसलं. मग बॉम्बफेकी विमानांचे चमू, रणगाड्यांचे चमू असे आणखी गट तपासले, तर उत्तर कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. दुसरा कोणी असता तर चाचणीच गुंडाळून ठेवली असती. फीडलरनी विचारलं, की उत्तर फिरतं ते नेमकं कशावर?

यातून १९६० च्या दशकात त्यांचं ‘काँटिंजन्सी मॉडेल’ उभं राहिलं. नेत्याला परिस्थिती किती अनुकूल आहे हे तीन गोष्टींवर ठरतं, असं त्यात म्हटलं आहे. हाताखालच्यांशी त्याचं जमतं का? काम आखीव आहे का, म्हणजे काय करायचं, कसं करायचं आणि ते बरोबर झालं हे कसं ओळखायचं, हे आधीच ठाऊक आहे का? आणि पदाला अधिकार किती, बक्षीस, शिक्षा, बढती त्याच्या हातात आहे का? तिघांचं वजन सारखं नाही. नंतर तयार झालेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेत संबंधांना ४०, कामाच्या आखीवपणाला २० आणि अधिकाराला फक्त १० गुण ठेवले आहेत. खुर्चीचा दबदबा सगळ्यात शेवटी, हे आपल्याकडच्या कित्येक साहेबांना पटणार नाही.

या मॉडेलची खास बेतलेली परीक्षा बेल्जियमच्या नौदलात झाली. तिचा अहवाल १९६६ चा. तीन-तीन जणांचे ९६ गट. निम्म्यांचा नेता अनुभवी पेटी ऑफिसर, निम्म्यांचा नवा रंगरूट, म्हणजे अधिकार कमी-जास्त. निम्म्या गटांत सगळे एकाच भाषेचे, तर उरलेल्यांत नेता फ्रेंच बोलणारा आणि हाताखालचे डच बोलणारे किंवा उलट. बेल्जियममध्ये हा भाषेचा तंटा जुना आहे, तेव्हा असे गट नेत्याला अवघडच जाणार. कामंही वेगवेगळी होती. ठरावीक बंदरांना शिवून जाणारा सगळ्यात जवळचा सागरी मार्ग काढणं हे आखीव काम. तरुणांना नौदलात येण्याचं आवाहन करणारं पत्र लिहिणं हे मोकळं, कारण चांगलं पत्र कशाला म्हणायचं याचं एकच उत्तर नसतं.

मॉडेलचा एकूण आकार इथेही दिसला. सगळं अनुकूल असेल तिथे कामाचा नेता सरस ठरतो आणि सगळं प्रतिकूल असेल तिथेही तोच. मधल्या, धड ना इकडच्या ना तिकडच्या परिस्थितीत नात्याचा नेता पुढे जातो. कारणाचा विचार केला तर पटतं. सगळं जमून आलेलं असतं तेव्हा लोकांना फक्त ‘चला’ म्हणणारा माणूस हवा असतो. सगळं विस्कटलेलं असतं तेव्हा मनं सांभाळत बसलं तर कामच उभं राहत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र लोकांनी मनापासून डोकं चालवल्याशिवाय भागत नाही, आणि ते हुकमाने होत नाही. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली, ती मला जास्त बोचरी वाटते: अनुभवी पेटी ऑफिसरांचे गट रंगरुटांच्या गटांपेक्षा सरस ठरले नाहीत.

यावरून फीडलरनी काढलेला सल्ला व्यवस्थापकांना सहज गिळण्यासारखा नव्हता. माणसाची शैली शिबिराने बदलत नाही, कामच त्याच्या मापाचं करा, असं त्यांनी १९६५ मध्ये लिहिलं. समजा, एलपीसी ५४ असलेला एक कारखान्यातला विभागप्रमुख आहे. जुन्या विभागात संबंध ३४, काम १५, अधिकार ८, एकूण ५७. पुस्तिकेप्रमाणे ५१ च्या वर परिस्थिती अनुकूल, म्हणून गडी चमकला. त्याच जोरावर त्याला संशोधन विभागात नेलं. तिथे माणसं अनोळखी, संबंध २२. प्रश्नांना ठरलेली उत्तरं नाहीत, काम ७. अधिकार तेवढाच, ८. एकूण ३७, म्हणजे मधला पट्टा, आणि हा त्याचा प्रांत नव्हे. त्याला मवाळपणाचे धडे देण्यापेक्षा कामाचे तारखांसह तुकडे पाडून दिले तर काम १५ वर येईल. तरी बेरीज ४५ च. जुन्या ओळखीची दोन माणसं सोबत देऊन संबंध ३० वर नेले, की ५३.

पण हीच मदत ९० गुणांच्या नेत्याला केली तर त्याचं नुकसान होईल, कारण मधला पट्टा त्याचं घर होतं आणि आपण त्याला तिथून उठवलं. अनुभवाचंही तसंच. वर्षं जातात तशी माणसं ओळखीची होतात, काम अंगवळणी पडतं, परिस्थिती आपोआप अनुकूल होत जाते आणि सुरुवातीला शोभणारा नेता त्याच खुर्चीत निष्प्रभ होतो.

आक्षेप बरेच आहेत. १९७० पासून टीकाकार म्हणत आले, की बरेच आकडे अगदी थोड्या गटांवरून काढलेले आहेत आणि म्हणून डळमळीत आहेत. एलपीसी नेमकं काय मोजतं, याचं फीडलरांचं स्वतःचं उत्तरही काळानुसार बदललं. १९८० च्या दशकात अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा मॉडेलला एकंदरीत आधार मिळाला. मात्र सगळ्या परिस्थितींत सारखा नाही, आणि प्रयोगशाळेपेक्षा प्रत्यक्ष कामाच्या जागी कमी. ६५ ते ७२ गुणांची मधली माणसं तर बराच काळ हिशेबातच धरली नव्हती. १९८२ च्या एका अभ्यासात तीच बहुतेक सगळ्या परिस्थितींत बरी कामगिरी करताना दिसली. मला सगळ्यात अवघड वाटतो तो आक्षेप असा: संबंध चांगले की वाईट हे बहुधा नेत्यालाच विचारतात, आणि ज्याचा गट जिंकत असतो त्याला आपलं सगळ्यांशी छान जमतं असंच वाटत असतं.