दोन भाड्यांच्या मधली चाल

पुण्यातल्या एका रिक्षा स्टँडवरची ही गोष्ट. रांगेत आपला नंबर पाचवा असला की पुढच्या चार रिक्षा हलेपर्यंत हा रिक्षावाला फोनवर बुद्धिबळ खेळतो. लिचेस ही साइट फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. समोर कोण आहे, बाई की बुवा, शाळकरी पोर की निवृत्त मास्तर, काहीच कळत नाही. दिसतं ते एक टोपणनाव आणि रेटिंगचा आकडा. नवा खेळाडू 1500 पासून सुरू करतो. जिंकला की आकडा चढतो, हरला की उतरतो.

आधी तो दहा मिनिटांचे डाव खेळायचा. प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी दहाच मिनिटं. डाव रंगात यायचा आणि आवाज यायचा, "काका, स्वारगेट?" मीटर टाकला की फोन खिशात, पण डावाचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही. चांगली स्थिती असूनही वेळ संपून डाव जायचा. रेटिंग घसरत गेलं ते खेळामुळे नव्हे, भाड्यांमुळे.

मग त्याने एका चालीला काही दिवस मिळतात असा डाव निवडला. पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाली कळवून खेळत, त्याचीच ही नवी आवृत्ती. स्टँडवर चाल बघायची, डोक्यात घोळवायची आणि पुढच्या थांब्यावर उत्तर द्यायचं. चालत्या रिक्षात फोन हातात घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. माझ्या मते रिक्षावाल्याला शोभणारं बुद्धिबळ हेच.

या डावात तो पांढरा होता. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्याने घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर हल्ला केला, काळ्याने वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवून त्याला जोर दिला. मग त्याचा उंट निघाला, तिरका थेट काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर रोखलेला. त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाच जोर नसतो. काळ्यानेही उंट काढून त्याचा घोडा जखडला; तो हलला की मागचा वजीर जाणार. पांढऱ्याचा दुसरा घोडा बाहेर आला, आणि काळ्याने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं उगाच एक घर ढकललं.

कात्रजपर्यंतच्या भाड्यात तो याच पटाचा विचार करत होता. प्रवासी उतरल्यावर त्याने जखडलेल्या घोड्यानेच मधलं प्यादं मारलं. वजीर उघडा पडला. दुसऱ्या दिवशी अनोळखी खेळाडूने तो मारला. लगेच उंटाने ते कमकुवत प्यादं मारून शह दिला; राजाला जायला एकच घर उरलं. तिथे दुसऱ्या घोड्याने शह देताच मात झाली. ही अठराव्या शतकातल्या लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी मात.

घरी पट मांडून खेळून बघा. काळ्याने वजिराचा मोह सोडून प्याद्याने घोडा मारला असता, तर पांढऱ्या वजिराने उंट घेतला असता आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त राहिलं असतं. मात मात्र टळली असती.