तीन वेळापत्रकं आणि एकच इंजिनिअर

एखाद्या छोट्या स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत तीन कामं चालू आहेत आणि हिशेब करणारी इंजिनिअर एकच आहे, असं समजा. शाळेच्या स्लॅबचं डिझाइन चार दिवसांचं, ते चौथ्या दिवशीच हवं. सोसायटीच्या पायाचे ड्रॉइंग पाच दिवसांचे. खोदाई आठव्या दिवशी संपते, तोवर ते साइटवर पोचले पाहिजेत. बंगल्याच्या दुरुस्तीचा अहवाल तीन दिवसांचा, चौदाव्या दिवशी दिला तरी चालेल.

तिन्ही कामांचे प्रमुख वेगळे. प्रत्येकाच्या तक्त्यात ती पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ त्यांच्याचकडे आहे. स्वतंत्रपणे पाहिलं तर एकही तक्ता चुकलेला नाही. म्हणूनच हा ताण कुणाला दिसत नाही. प्रोजेक्टची सॉफ्टवेअरं जादा भार लाल रंगात दाखवतात खरी, पण तिन्ही कामं एका सामाईक यादीला जोडलेली असतील तरच.

मग ती बिचारी सगळ्यांचं मन राखते आणि रोज प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देते. याचा हिशेब करून पाहा. समान वाटणीत बंगल्याचा अहवाल नवव्या दिवशी हातावेगळा होतो, शाळेचं डिझाइन अकराव्या आणि पायाचे ड्रॉइंग बाराव्या दिवशी. ज्याची घाई सर्वांत कमी, तेच काम आधी संपलं! शाळा सात दिवस मागे पडली. एका कामातून दुसऱ्यात शिरताना जाणारा वेळ तर यात धरलेलाच नाही.

रिसोर्स लेव्हलिंग म्हणजे माणसाची खरी क्षमता धरून कामांच्या तारखा नव्याने लावणं. त्यासाठी प्रत्येक कामाची सवड पाहायची, म्हणजे ते किती दिवस थांबलं तरी पुढचं काही अडणार नाही. इथे शाळेला सवड शून्य, पायाला तीन दिवस, बंगल्याला अकरा. त्या क्रमाने एका वेळी एकच काम घेतलं, तर शाळा चौथ्या दिवशी संपते, पाया नवव्या आणि बंगला बाराव्या दिवशी.

पायाचे ड्रॉइंग तरीही एक दिवस उशिरा येतात. लेव्हलिंगने दिवस वाढत नाहीत, पण टक्कर नेमकी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि माझ्या मते याचा खरा उपयोग हाच आहे. आठवडाभर आधी कळलं, तर हिशेब तिच्याकडे ठेवून रेखाटनाचा एक दिवस ड्राफ्ट्समनकडे देता येतो, नाहीतर ठेकेदाराला नवी तारीख सांगता येते. सातव्या दिवशी कळलं, तर उरते फक्त रात्रीची जागरणं.

कोणाचं काम मागे ठेवायचं, हा निर्णय मात्र त्या इंजिनिअरवर टाकू नये. तिला तिघांपैकी एकालाही नाही म्हणता येत नाही. तिन्ही प्रमुखांच्या वर जो कुणी बसतो, त्यानेच तो क्रम ठरवून तिघांना कळवायला हवा. आणि चौथं काम आलं, की तो क्रम पुन्हा लावायला हवा.